एअरलाईनने बॅग हरवली आणि वर "किलोला २० डॉलर" सांगून गप्प बसवायला बघितलं

लेकीच्या बाळंतपणासाठी मी आणि आमचे हे नोव्हेंबरमध्ये लंडनला आलो. मुंबईहून निघालो, मध्ये आखातात विमान बदललं, तिथून पुढे दुसऱ्या एअरलाईनचं विमान, पण तिकीट एकच. हीथ्रोला पट्ट्यापाशी पाऊण तास उभे होतो, शेवटी एक कुणाची तरी बाबागाडी एकटीच गोल गोल फिरत राहिली आणि आमच्या दोन्ही बॅगांचा पत्ता नाही. माझी २२ किलो, ह्यांची २३.

काउंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पासला चिकटवलेले टॅग बघितले, कॉम्प्युटरवर काहीतरी टाईप केलं आणि दोघांच्या नावाने वेगवेगळा पीआयआर, म्हणजे बॅग आली नाही याचा रिपोर्ट, करून दिला. इथपर्यंत सगळं नीट. पण वर म्हणाली, आता तुम्हाला काही करायचं नाही, बॅग घरपोच येईल. इथे पहिली चूक झाली, कारण आम्ही खरंच काही केलं नाही. पीआयआर म्हणजे फक्त बॅग हरवल्याची नोंद, पैशाची मागणी नव्हे, ती वेगळी लेखी करावी लागते हे मला दहाव्या दिवशी जावयाने सांगितलं तेव्हा कळलं.

त्यात थंडी. स्वेटर, कोट, बूट, गोळ्या सगळं बॅगेत (गोळ्या बॅगेत टाकल्या हा माझा मूर्खपणा, मान्य). पहिल्या चार दिवसांत माझ्यापुरती २१२ पौंडांची खरेदी झाली, पावत्या सगळ्या ठेवल्या, बँकेत ३० वर्षं काढल्यावर ती खोड जात नाही. बॅग उशिरा आली असती तरी हा खर्च मागता आला असता, फक्त बॅग हातात पडल्यापासून २१ दिवसांत लेखी कळवायला लागतं.

२१ दिवस उलटून गेले तरी बॅग नाही. नियमाप्रमाणे यायच्या दिवसापासून २१ दिवस झाले की बॅग हरवली असं धरून भरपाई मागता येते. तर चोविसाव्या दिवशी दोघांनाही मेल आला, अगदी गोड भाषेत. आम्हाला खेद आहे, नियमानुसार आपल्या सामानाची भरपाई वजनावर ठरते, किलोला २० डॉलर, म्हणजे मला ४४० आणि ह्यांना ४६०, सोबतच्या फॉर्मवर सही करून बँकेचे डिटेल्स द्या, सात दिवसांत पैसे. ह्यांनी मोबाईलवर बोटाने सही केली आणि पाठवून पण दिलं. मी रात्री चष्मा लावून फॉर्म वाचला तर तिसऱ्या ओळीत होतं की ही रक्कम पूर्ण आणि अंतिम तडजोड म्हणून स्वीकारत आहे, यापुढे या सामानाबाबत कुठलाही दावा करणार नाही. तेव्हा ह्यांची सही जाऊन तीन तास झाले होते!

आता हे किलोला २० डॉलर येतं कुठून ते ऐका, कारण आकडा खोटा नाहीये, म्हणून तर माणूस फसतो. १९२९ चा वॉर्सा करार होता, त्यात सामानाची भरपाई किलोवर होती आणि तिचा हिशोब साधारण २० डॉलर किलो असा धरला जायचा. त्याच्या जागी १९९९ चा माँट्रियल करार आला, भारताला तो २००९ पासून लागू आहे आणि ब्रिटनलाही आहे, म्हणजे मुंबई-लंडन प्रवासाला हाच. यात वजनाचा संबंधच नाही. प्रत्येक प्रवाशामागे (बॅगेमागे नव्हे) कमाल १,५१९ एसडीआर, हे आयएमएफचं हिशोबाचं चलन आहे, रुपयांत पावणेदोन लाखांच्या वर. हा आकडा २८ डिसेंबर २०२४ पासूनचा, त्याआधी १,२८८ होता, आणि काही ठिकाणी अजून जुनाच लिहिलेला दिसतो तोही डोळे झाकून घेऊ नका. पण ही कमाल मर्यादा आहे हं, सरसकट मिळणारी रक्कम नाही, जेवढं नुकसान दाखवाल तेवढंच.

मग मी बसून यादी केली. तीन साड्या ३१,०००, त्यातली पैठणी येवल्याची, बिल व्हॉट्सॲपवर सापडलं. कोट आणि लोकरीचं ९,०००, बाळाचं झबली-टोपडी वगैरे ७,५००, बॅग ६,०००, बूट ४,५००, तीन महिन्यांच्या गोळ्या ३,८००, बाळाचे चांदीचे वाळे ५,२००. झाले ६७,०००. ज्याची बिलं नव्हती त्याचे बँकेचे एसएमएस आणि फोटो लावले, नशीब की निघायच्या आदल्या रात्री लेकीला व्हिडिओ कॉलवर भरलेली बॅग दाखवली होती आणि तिने स्क्रीनशॉट काढलेला. माझ्या आईच्या जुन्या साडीची चार दुपटी शिवली होती, त्याला काय किंमत लिहायची? कॉलम रिकामा सोडला.

मेलमध्ये भावना वगैरे काही लिहिलं नाही. पीआयआर नंबर, टॅग नंबर, फ्लाईट, तारखा, मग सरळ: "तुमचा २० डॉलर किलोचा हिशोब मला मान्य नाही, या प्रवासाला माँट्रियल करार लागू आहे, कलम १७ आणि २२ प्रमाणे ६७,००० रुपये आणि तातडीच्या खरेदीचे २१२ पौंड द्यावेत, फॉर्मवर मी सही करणार नाही, १४ दिवसांत उत्तर आलं नाही तर इथल्या स्मॉल क्लेम्स कोर्टात जाईन." मेल दोन्ही एअरलाईन्सना पाठवला, कारण एक म्हणत होती शेवटच्या विमानवाल्याला विचारा आणि दुसरी म्हणत होती बॅग आमच्याकडे आलीच नाही. कलम ३६ प्रमाणे पहिलीलाही धरता येतं आणि शेवटचीलाही, बॅग कुणी हरवली हे आपण शोधत बसायचं कारण नाही.

आठव्या दिवशी फोन आला, आवाज एकदम बदललेला. किलोचं नाव पण काढलं नाही. आधी म्हणे खरेदीचे निम्मेच देऊ कारण कपडे तुमच्याकडेच राहिले, मी म्हटलं अहो बॅग परत आली असती तर ठीक होतं, आता माझ्याकडे दुसरे आहेतच कुठे. ते पटलं. वाळ्यांना मात्र नाहीच म्हणाले, मौल्यवान वस्तू चेक-इन बॅगेत चालत नाहीत असं त्यांच्या अटींत आहे. करारातल्या जबाबदारीतून अंग काढून घेणारी अट कलम २६ प्रमाणे रद्द ठरते, यावर भांडता आलं असतं, पण ५,२०० रुपयांसाठी मी सोडून दिलं. बाकीच्यावर वापरलेल्या वस्तूंची घट धरून ५२,००० रुपये आणि २१२ पौंड पूर्ण दिले. म्हणजे साधारण ७७,०००, जिथे आधी ४४० डॉलर म्हणजे ३९,००० च्या आत गुंडाळणार होते. या वेळच्या फॉर्मवर मी सही केली, पण पैसे खात्यात दिसल्यावर.

कोर्टात जायला विमान पोहोचल्याच्या तारखेपासून दोन वर्षं असतात, त्यामुळे त्यांनी घाई केली म्हणून आपण करायची नाही. ह्यांच्या बॅगेत नवीन सूट आणि कॅमेऱ्याची लेन्स होती, एक लाखाच्या वर माल. माझे पैसे आल्यावर ह्यांनीही तस्साच मेल लिहिला, कलमांसकट. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सोबत ह्यांचीच बोटाने केलेली सही जोडून, आपला दावा बंद झालेला आहे.