आजीसाठी फोन: अक्षरे दाखवणारा की आवाज वाढवणारा?

घरातील वृद्ध व्यक्तीला कमी ऐकू येऊ लागते आणि श्रवणयंत्राचा निर्णय अजून लांबणीवर असतो, तेव्हा अँड्रॉइड फोनमधील दोन सोयींकडे लक्ष जाते. एक सोय बोललेले शब्द पडद्यावर लिहून दाखवते आणि दुसरी आजूबाजूचा आवाज वाढवून इअरफोनमधून ऐकवते. मंगळवार पेठेतील आमच्या घरी आजीसाठी या दोन्ही बराच काळ वापरून झाल्या आहेत. दोन्ही उपयोगी आहेत, तरी रोजच्या वापरात त्यातली एकच टिकली, आणि ती का टिकली हे जरा सविस्तर सांगणे निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. लाइव्ह कॅप्शन ही सोय मुख्यतः फोनमध्येच वाजणाऱ्या व्हिडिओ किंवा ध्वनिमुद्रणाखाली ओळी दाखवण्यासाठी आहे आणि आमच्या फोनवर तिच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. समोर बसलेल्या माणसाचे मराठी बोलणे वाचायचे असेल तर लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे गूगलचे वेगळे ॲप लागते. ते आणि साउंड ॲम्प्लिफायर ही दोन्ही 2019 मध्ये आली. खरी तुलना या दोघांची आहे.

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, च, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि स्वर मात्र ऐकू येत राहतात. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते आहे ते कळत नाही. भाजीवाल्याने सांगितलेले 'साठ' आजीला 'आठ' ऐकू येते, ते यामुळेच. आपण ओरडून बोललो तर स्वर आणखी मोठे होतात, हरवलेला 'स' मात्र फारसा परत येत नाही.

लाइव्ह ट्रान्स्क्राइबने हा प्रश्न कानावरून डोळ्यांवर नेला. अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात आणि एकाच माणसाने शांत खोलीत सावकाश, प्रमाण भाषेत बोलले तर मराठी बऱ्यापैकी नीट उमटते. मराठीसाठी आमच्या फोनवर इंटरनेट लागते, तेही घरात असतेच. कागलची मावशी आली आणि "कवा आलाईसा, जेवलाईसा का" असे आपल्या बोलीत विचारू लागली की पडद्यावर भलतेच काही उमटत असे, पण तेवढे चालवून घेता आले असते.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. हे ॲप बोलणे चालू असतानाच लिहीत जाते आणि पुढचे शब्द कानावर पडले की आधी लिहिलेले शब्द दुरुस्त करते. त्यामुळे ओळीच्या शेवटचे दोन-तीन शब्द सतत हलत राहतात. तरुण डोळ्यांना याचा त्रास होत नाही, कारण आपण ओळ एका नजरेत उचलतो. आजी मात्र बोट ठेवून, एकेक शब्द लावत वाचते. तिचे बोट एका शब्दावर असताना तोच शब्द बदले, ती पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जाई आणि तोवर बोलणारा पुढच्या वाक्यावर गेलेला असे. "वाचून होतंय तोवर खालचं अक्षर बदलतंय बघ," असे ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. शिवाय तिची नजर पडद्यावर खिळल्यामुळे बोलणाऱ्याचे ओठ आणि चेहरा दिसेनासे झाले. कमी ऐकू येणारी माणसे नकळत ओठांवरून बरेच ओळखत असतात, आणि तो आधारही त्या वेळी निघून जात असे.

साउंड ॲम्प्लिफायरमध्ये ही अडचण येत नाही, कारण नजर माणसाकडेच राहते. सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी विभागात ते सापडते आणि नसेल तर प्ले स्टोअरवरून घेता येते. आवाजाचा स्रोत म्हणून फोनचा माइक निवडावा, सुरुवात अगदी कमी आवाजाने करावी आणि मग उंच पट्टीचा आवाज थोडा थोडा वाढवत 'साठ' आणि 'आठ' आलटून पालटून म्हणून पाहावे. ज्या ठिकाणी दोन्ही वेगळे ऐकू येतात तिथे थांबावे. त्यापुढे नेल्यास कागदाची सळसळही टोचू लागते. दोन्ही कानांची पातळी वेगवेगळी ठेवता येते, आणि आजीचा डावा कान अधिक कमजोर असल्याने ते आम्हाला फार उपयोगी पडले.

इअरफोन मात्र वायरचेच घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो. ज्यांना अजून थोडे ऐकू येते त्यांना एकच वाक्य दोनदा, आधी समोरून आणि मग कानातून ऐकू येते आणि डोके भणभणते. वायरची गैरसोय अशी की साधारण सव्वा मीटर लांबीमुळे फोन आजीजवळच राहतो, आणि तो असायला हवा बोलणाऱ्याजवळ. उघड्यावर, भिंतींचा प्रतिध्वनी नसेल तर, अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. म्हणजे दोन मीटरवरचा फोन अर्ध्या मीटरवर आणला तर सुमारे 12 डेसिबलचा फायदा होतो. घराच्या खोलीत तो काहीसा कमी असेल, पण यात बोलणे तेवढे वाढते आणि मागचा गोंगाट तसाच राहतो. ॲपमधील पट्टी सरकवून दोन्ही एकदमच वाढतात. म्हणून आम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक्स्टेन्शन वायर आणली आणि फोन पाहुण्यांपुढच्या टीपॉयवर, माइक त्यांच्याकडे करून ठेवतो. इअरफोनच्या वायरला स्वतःचा माइक असेल तर आवाज नक्की कुठून घेतला जातो, हे फोनच्या खालच्या कडेवर बोट घासून तपासावे. कानात खरखर ऐकू आली तर फोनचाच माइक चालू आहे. नाहीतर बिनमाइकचे इअरफोन घ्यावेत.

याची उणीवही आहे. कमजोर झालेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र एकदम असह्य होतो. स्वयंपाकघरात पातेल्यावरचे झाकण पडले की आजी दचकून इअरफोन काढत असे. गोंगाट कमी करण्याची सोय पंख्याच्या घरघरीवर चालते, भांड्यांवर फारशी चालत नाही. आम्ही तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून सोप्यात हलवली, तेव्हापासून हा त्रास बराच कमी झाला.

त्यामुळे ज्यांना शब्द पुसट पण ऐकू येतात, त्यांच्यासाठी माझा कल ॲम्प्लिफायरकडे आहे. जवळून मोठ्याने बोलूनही जवळजवळ काहीच पोहोचत नसेल, किंवा वाचनाचा वेग चांगला असेल, तर कदाचित उलट निवड योग्य ठरेल. कोणतेही ॲप लावण्यापूर्वी कान, नाक, घसा तज्ज्ञाकडून कानात मळ साचला आहे का हे पाहून घ्यावे. आणि एका कानाचे ऐकणे अचानक गेले असेल तर फोन बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

लाइव्ह ट्रान्स्क्राइब आम्ही काढून टाकलेले नाही. डॉक्टर गोळ्यांची नावे आणि वेळा सांगतात तेव्हा मी फोन त्यांच्यापुढे धरतो, आणि बोलणे पूर्ण होऊन अक्षरे स्थिर झाली की मगच तो आजीच्या हातात देतो.