टॅटू भरताना मोबाइलची मॅक्रो लेन्स : सात महिन्यांच्या वापरानंतर

मोबाइलला चिमट्याने लावायची 15x ची मॅक्रो लेन्स मी फेब्रुवारीत घेतली, साडेतीनशे रुपयांना. कारण एकच : खांद्यावर जास्वंदीचा टॅटू काढला होता आणि तो नीट भरतोय की चिघळतोय हे मला समजत नव्हतं. तेव्हापासून हाताच्या आतल्या बाजूला नेच्याचं पान झालं, धाकट्या भावाच्या पोटरीवर एक झाला, आणि तिन्ही वेळा मी रोज फोटो काढले. लेन्स कशाला उपयोगी पडली आणि कुठे तिने मला चुकवलं, ते सांगते.

ज्यासाठी ती खरंच चांगली आहे ते आधी. चौथ्या-पाचव्या दिवशी टॅटूची साल निघायला लागते. साध्या डोळ्यांना वाटतं की रंगच उडतोय, कारण निघणाऱ्या पापुद्र्यांना काळी-लाल छटा असते. लेन्समधून पाहिलं की साल आणि खपली यांतला फरक लगेच कळतो. साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते, तिची कड उचललेली असते आणि खालची कातडी कोरडी असते. खपली जाड, पिवळट-तपकिरी असते आणि हलवली तर खालून ओल येते. साल निघाली तर काळजी नाही. टिकणारा रंग तिच्या खालच्या थरात असतो. खपली मात्र ओढली तर तिथला रंग जातो.

दुसरी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आपल्या कातडीवर बारीक आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. साल गेल्यावर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात टॅटू दुधाळ, चकचकीत आणि फिका दिसतो, आणि लेन्समधून ही जाळी तिथे पुसल्यासारखी दिसते. जसजशा रेषा परत उमटतात, तसतसा रंगही उघडतो. माझ्या पानावर त्या विसाव्या दिवसाच्या आसपास कडेपासून आत येताना दिसल्या. रंग फिका वाटतो म्हणून टचअपची घाई करू नये, किमान चार ते सहा आठवडे थांबावं, हे आर्टिस्ट का सांगतात ते मला तेव्हा पटलं.

आता तिची मर्यादा. त्रास ओळखायला सगळे सांगतात, "लाली पाहा." गोऱ्या कातडीवर ती दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली बऱ्याचदा लाल दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा नुसती काळपट दिसते. त्यात मोबाइल प्रत्येक फोटोचा रंग स्वतःच्या मनाने बदलतो. घरातल्या पिवळ्या दिव्यात काढलेला फोटो आणि खिडकीजवळ काढलेला फोटो शेजारी ठेवले तर एकाच तासातली कातडी दोन माणसांची वाटते. मॅक्रो लेन्स तर दोन-तीन सेंटिमीटरवर धरावी लागते, म्हणजे फोनची सावली नेमकी टॅटूवर. शिवाय एवढ्या जवळून चट्टा कुठे संपतो ते चौकटीत मावतच नाही, आणि सगळ्यात जास्त महत्त्व त्या कडेलाच असतं.

म्हणून आता मी रोज तीन फोटो काढते : लेन्स न लावता वीतभर अंतरावरून एक, खिडकीचा उजेड बाजूने पडेल असा तिरपा एक, आणि लेन्सने एक. वेळ सकाळची, टॅटू धुऊन टिपल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आणि मलम लावण्याआधी, कारण मलमाची चकाकी सुजेच्या चकाकीसारखीच दिसते. शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवते. तीन दिवसांच्या फोटोंत कागद सारखाच पांढरा असेल, तरच कातडीचा रंग ताडून बघते. फोनचं ब्यूटी मोड बंद. आणि हळद नाही. आईचा फार आग्रह होता. पण हळदीने पिवळा डाग पडतो आणि मग पू आहे की हळद, काही कळत नाही.

या पद्धतीचा कस लागला तो नेच्याच्या पानावर. आर्टिस्टने त्यावर पारदर्शक फिल्म लावली होती, ज्याला सेकंड स्किन म्हणतात. पहिल्या दिवशी आत शाई आणि लस साचून काळी पिशवी झाली, ते नेहमीचंच. तिसऱ्या दिवशी खाज असह्य झाली, म्हणून कोमट पाण्याखाली फिल्म सोलून काढली. खाली कातडी काळपट-जांभळी, आणि लेन्समधून सगळीकडे सारख्या अंतरावर बारीक पुरळ. मला वाटलं, पिकलं. पण वीतभर अंतरावरच्या फोटोत दिसलं की चट्टा पानाच्या बाहेर बोटभर पसरलाय आणि त्याच्या चारही कडा सरळ आहेत. जंतुसंसर्ग पट्टीने आखल्यासारखा सरळ रेषेत पसरत नाही. तो फिल्मच्या चिकटद्रव्याचा आकार होता. मी कडेवरून बॉलपेनने बारीक रेघ ओढली. चौथ्या दिवशी चट्टा रेघेच्या आतच होता, हात लावून पाहिलं तर दुसऱ्या हाताइतकाच गार, आणि ठणका नव्हता, फक्त खाज होती. पाचव्या दिवशी तिरप्या फोटोत पुरळ बसलेलं दिसलं. त्वचारोगतज्ज्ञांनीही चिकटद्रव्याची ॲलर्जीच सांगितली आणि पुन्हा फिल्म लावू नका म्हणाले. चौकोनाचा तपकिरी डाग मात्र दोन महिने राहिला. सावळ्या कातडीवर तो राहतोच.

उलट चित्र असतं तर मी फोटो काढत बसले नसते. तिसऱ्या दिवसानंतर ठणका कमी होण्याऐवजी वाढला, जागा गरम लागली, चट्टा रेघ ओलांडून गेला, पू आला, लाल रेघा वर सरकल्या किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. गरम आणि ठणकतंय हे कुठल्याच फोटोत येत नाही, म्हणून मी फोटोंच्या खाली रोज तेवढे दोन शब्द लिहून ठेवते.

भावाच्या बाबतीत एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. त्याने मेडिकलमधून न विचारता खाजेची ट्यूब आणून लावली; त्यात स्टिरॉइड होतं. दोन दिवस फोटो सुंदर आले, सूज नाही, रंग शांत. पण हात लावला की दुखत होतं. स्टिरॉइड सूज आणि लाली दाबतं, जंतूंना मारत नाही. बंद केल्यावर केसांच्या मुळाशी पिवळ्या टोकाच्या पुळ्या वर आल्या. डॉक्टरांच्या औषधाने आठवड्यात बसल्या, पण ते दोन दिवसांचे फोटो आम्हाला खोटा धीर देत होते.

आणि जास्वंद. ती तीन आठवड्यांत छान भरली, म्हणून मी फोटो थांबवले होते. चौथ्या महिन्यात पाकळ्यांना खाज सुटली. समोरून काढलेल्या फोटोत काहीच नाही. तिरप्या उजेडात मात्र लाल पाकळ्या तेवढ्या फुगलेल्या, आणि त्यांना लागून असलेल्या काळ्या रेघा सपाट. लाल शाईची ॲलर्जी अशी महिन्यांनीही उठते आणि रंगाच्या हद्दीतच थांबते. त्यावर अजून उपचार चालू आहेत, आणि तो तिरपा फोटो मी दर रविवारी काढते.

लेन्सला पाचपैकी तीन. साल, खपली आणि पुळ्या बघायच्या असतील तर पैसे वसूल. पण एकच काही करायचं असेल, तर लेन्स राहू द्या. पांढरा कागद, खिडकी आणि एक बॉलपेन घ्या.