अनेक स्वयंसेवकांचे संकेतस्थळ: पासवर्ड, दुहेरी पडताळणी आणि भूमिका यांपैकी आधी काय?

समजा, एका संस्थेचे वर्डप्रेसवरील संकेतस्थळ आठ स्वयंसेवक सांभाळतात. पाच जण लेख लिहितात, दोघे ते तपासून प्रसिद्ध करतात आणि एक जण तांत्रिक बाजू पाहतो. आठही जण एकाच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून आत जातात आणि त्याचा पासवर्ड सर्वांना ठाऊक आहे. संस्थेपुढे तीन उपाय आहेत: पासवर्ड भक्कम करणे, लॉगिनला दुसरी पायरी जोडणे, किंवा प्रत्येकाला वेगळे खाते देऊन त्याची भूमिका ठरवणे. शेवटी तिन्ही करावे लागतील, पण स्वयंसेवकांचा वेळ मोजका असल्याने क्रम महत्त्वाचा ठरतो.

पहिले दोन उपाय परक्याला आत येऊ देत नाहीत. भूमिकांचे काम वेगळे आहे, कोणी आत आलाच तर त्याला काय करता येईल याची मर्यादा त्या ठरवतात. खाते सामायिक असेपर्यंत मात्र पहिले दोन्ही उपाय लुळे पडतात. पासवर्ड कितीही लांब केला तरी तो आठ जणांना कळवावा लागतो, आणि एखादा स्वयंसेवक संस्था सोडून गेला की तो बदलून उरलेल्या सातांना पुन्हा कळवावा लागतो. म्हणूनच तो सहसा बदलला जात नाही. दुसऱ्या पायरीचा कोड एकाच्या फोनवर येत असेल, तर बाकीचे तो निरोपातून मागू लागतात, आणि कोड मागणे हीच रीत झाली की तोतयाने मागितलेला कोडही सहज दिला जातो. त्यामुळे वेगळी खाती आधी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्डप्रेसमधील भूमिकांपैकी कॉन्ट्रिब्युटरला लेख लिहिता येतो, पण प्रसिद्ध करता येत नाही आणि छायाचित्रेही चढवता येत नाहीत. ऑथर स्वतःचे लेख प्रसिद्ध करतो, तर एडिटर सर्वांच्या लेखांत बदल करू शकतो. वरच्या उदाहरणात पाच लेखकांना कॉन्ट्रिब्युटर आणि दोन तपासनिसांना एडिटर करावे. छायाचित्रांवाचून ज्याचे काम अडते, त्याला ऑथर करणे हा मार्ग आहे, मात्र मग त्याचा लेख तपासल्याविना प्रसिद्ध होऊ शकतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दोन असावेत, म्हणजे एकाचा फोन हरवला तरी दुसऱ्याला त्याची अडचण सोडवता येते. अशा रचनेत एका लेखकाचा पासवर्ड चोरीला गेला, तर चोराला त्या लेखकाच्या अप्रकाशित मसुद्यांपलीकडे फारसे काही बिघडवता येत नाही. एडिटरचे खाते मात्र निरुपद्रवी समजू नये, कारण एकल वर्डप्रेस स्थळावर एडिटरला लेखात जावास्क्रिप्टही घालता येते आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने तो लेख उघडल्यास ती त्याच्या अधिकाराने चालू शकते.

कोणी संस्था सोडली की त्याचे खाते काढताना वर्डप्रेस विचारते, की त्याचे लेख पुसावेत की दुसऱ्याच्या नावे करावेत. घाईत पहिला पर्याय निवडला गेला तर त्याचे सर्व लेख स्थळावरून जातात. खाते ठेवून केवळ भूमिका काढून घेणे अधिक सुरक्षित.

दुसरी पायरी त्यानंतर, आणि ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व एडिटर यांना सक्तीची असावी. वर्डप्रेसच्या गाभ्यात ही सोय नाही, त्यासाठी प्लगइन लागते. एसएमएसने येणाऱ्या कोडपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरे, कारण त्यातील सहसा दर 30 सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोड फोनमध्येच तयार होतो आणि सिम कार्ड दुसऱ्याने आपल्या नावे काढून घेतले तरी तो त्याच्या हाती पडत नाही. कोड वारंवार नाकारला जात असेल, तर प्रथम फोनचे आणि सर्व्हरचे घड्याळ जुळते का ते पाहावे. बनावट लॉगिन पानावर टाकलेला कोड चोर त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरू शकतो, हे मात्र अ‍ॅपने थांबत नाही. पासकी किंवा सुरक्षा-किल्ली ते थांबवते, कारण ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते. फोन हाताशी नसताना वापरायचे राखीव कोड प्रत्येकाने पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवावेत.

पासवर्डचा खरा धोका तो दुबळा असण्याइतकाच तो दुसरीकडेही वापरलेला असण्यात आहे, कारण अन्य सेवेतून फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या हल्लेखोर यंत्राद्वारे लॉगिन पानांवर लावून पाहतात. दर तीन महिन्यांनी तो बदलण्याची सक्ती केल्यास लोक शेवटचा अंक तेवढा वाढवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही 2017 पासून अशा ठरावीक मुदतीच्या सक्तीविरुद्ध सल्ला दिला आहे. पासवर्ड मॅनेजरने घडवलेला लांब, केवळ याच स्थळासाठीचा पासवर्ड द्यावा आणि तो फुटल्याचा संशय आला तरच बदलावा. कॉन्ट्रिब्युटरांना सुरुवातीला एवढेच पुरे; त्यांच्यावर दुसऱ्या पायरीचा भार नंतर टाकला तरी चालेल.