दोषांची यादी की बोलती उत्तरे: पदवी वर्गाला प्रश्नावली शिकवण्याच्या दोन पद्धती

पदवीच्या विद्यार्थ्यांना सर्वेक्षणाची प्रश्नावली तयार करायला शिकवताना शिक्षकापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. पहिल्या वाटेने जाणारा शिक्षक आधी दोषांची यादी देतो: उत्तर एका बाजूला झुकवणारे सूचक प्रश्न, एकाच वेळी एकाहून अधिक गोष्टी विचारणारे दुहेरी प्रश्न, उत्तराच्या पर्यायांच्या गोंधळात टाकणाऱ्या श्रेणी. मग तो सदोष प्रश्नांचे नमुने देऊन ते दुरुस्त करायला सांगतो. दुसऱ्या वाटेने जाणारा शिक्षक विद्यार्थ्यांना लगेच कच्ची प्रश्नावली लिहायला लावतो, आणि ती मोजक्या उत्तरदात्यांसमोर ठेवून, मनातला विचार बोलून दाखवत त्यांनी दिलेली उत्तरे ऐकायला लावतो. मी दोन्ही पद्धतींनी शिकवले आहे आणि दोन्हींचे गुण मला मान्य आहेत. तरीही निवड करायची वेळ आली तेव्हा एका गोष्टीने माझे मत दुसरीकडे झुकवले.

यादीच्या पद्धतीची बलस्थाने खरी आहेत. मोठ्या वर्गात, मर्यादित तासिकांत ती पार पाडता येते आणि गुणदानही सोपे जाते. काही दोष तर तीच सर्वांत लवकर पकडते. झोपेच्या तासांसाठी ‘4 ते 6’ आणि ‘6 ते 8’ असे पर्याय दिले, तर बरोबर सहा तास झोपणाऱ्याने कोणत्या चौकटीत खूण करायची, किंवा ‘उत्कृष्ट, उत्तम, चांगले, वाईट’ या श्रेणीत चारपैकी तीन पर्याय स्तुतीचे का आहेत, हे दाखवायला एक उदाहरण पुरते. यासाठी उत्तरदात्यांकडे जाण्याची गरज नाही.

मला खटकत राहिली ती गोष्ट अशी की, फळ्यावरच्या नमुन्यातला दोष अचूक ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या प्रश्नातला तोच दोष दिसत नाही. त्याचे कारण निष्काळजीपणा नसावे. नमुन्यातला प्रश्न सदोष आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. स्वतःच्या प्रश्नाच्या बाबतीत मात्र त्याला काय विचारायचे आहे ते माहीत असते, आणि वाचताना तो शब्दांऐवजी तो हेतूच वाचतो. शिवाय यादी पाठ झाली की दोषाऐवजी दोषाची खूण शोधली जाते. दुहेरी प्रश्न म्हणजे ‘आणि’ असलेला प्रश्न, अशी समजूत पक्की होते. मग ‘अध्यापन आणि ग्रंथालय यांबाबत आपण समाधानी आहात का?’ हा प्रश्न सहज तोडला जातो, पण ज्यात ‘आणि’ नाही तो प्रश्न निर्दोष ठरून पुढे जातो.

माझ्या वर्गांत वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येणारा एक प्रश्न पाहा: ‘परीक्षेच्या ताणामुळे आपली झोप कमी झाली आहे का?’ उत्तरासाठी पर्याय दोनच, ‘होय’ आणि ‘नाही’. वाक्य छोटे आणि सरळ आहे, यादीतली एकही खूण त्यात नाही. मात्र त्यात तीन दावे एकत्र बांधले आहेत: ताण आहे, झोप कमी झाली आहे, आणि पहिल्यामुळे दुसरे घडले आहे. त्यामुळे ज्याला ताणच नाही तो, ज्याला ताण आहे पण झोप पूर्वीइतकीच आहे तो, आणि ज्याची झोप अन्य कारणाने कमी झाली आहे तो, असे तिघेही ‘नाही’ म्हणतील आणि तक्त्यात एकाच रकान्यात जाऊन बसतील. शिवाय परीक्षा आणि ताण यांचा संबंध गृहीत धरून प्रश्न उत्तरदात्याला ‘होय’कडे ढकलतो, तो भाग वेगळाच.

हे सारे शिक्षकाला फळ्यावर उलगडून सांगता येते. पण समोरचा उत्तरदाता जेव्हा म्हणतो, ‘झोप कमी झालीय खरी, पण ती आजारपणामुळे, मग होय लिहू की नाही?’, तेव्हा विद्यार्थ्याला जे समजते ते मी समजावून दिलेल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा खोल जाते, असा माझा अनुभव आहे. त्यानंतरची दुरुस्ती तो स्वतः करतो. ‘गेल्या सात रात्रींपैकी किती रात्री आपण सहा तासांपेक्षा कमी झोपलात?’ आणि, काही प्रश्नांनंतर, ‘गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस आपल्याला परीक्षेची काळजी वाटली?’ दोन्हींची उत्तरे 0 ते 7 या आकड्यांत. दोहोंचा संबंध आहे का, हे उत्तरदात्याला न विचारता तक्त्यातून पाहायचे, आणि संबंध दिसला तरी तेवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, हेही इथेच सांगता येते. झोप ‘कमी झाली’ असे म्हणायचे असेल, तर परीक्षा नसलेल्या आठवड्यातही हाच प्रश्न विचारावा लागेल.

श्रेणीचेही असेच होते. ‘बऱ्याचदा’ या पर्यायावर खूण करणाऱ्याला ‘म्हणजे साधारण किती वेळा?’ असे विचारले की एकाच्या मनात आठवड्यातून दोनदा असते, दुसऱ्याच्या मनात जवळजवळ रोज. नकारार्थी विधानावर ‘असहमत’ म्हणायची वेळ आली की उत्तरदाते अडखळतात. हा गोंधळ व्यावसायिक सर्वेक्षणांतही घडला आहे. 1992 मध्ये रोपर या संस्थेने अमेरिकेत विचारले होते की, नाझींनी ज्यूंचा संहार केलाच नाही हे शक्य वाटते की अशक्य वाटते. सुमारे 22 टक्के लोकांनी ‘शक्य’ असे उत्तर दिले आणि मोठी खळबळ उडाली. 1994 मध्ये दुहेरी नकार काढून प्रश्न पुन्हा विचारल्यावर तसे म्हणणारे जेमतेम 1 टक्का उरले. ‘प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा’ एवढी विनंती चार-पाच जणांना केली असती, तरी हा अडथळा बहुधा आधीच उघड झाला असता.

बोलत्या उत्तरांच्या पद्धतीला मात्र शिस्त लागते. प्रश्न लिहिणाऱ्याने स्वतः मुलाखत घेऊ नये, कारण उत्तरदाता थबकताच तो ‘म्हणजे आम्हाला असे विचारायचे होते’ असे सांगून मोकळा होतो आणि दोष झाकला जातो. मुलाखत दुसऱ्या गटाने घ्यावी, लेखकाने न बोलता टिपणे काढावीत. उत्तरदाते त्याच वर्गातले नसावेत. त्यांना विषयाची परिभाषा ठाऊक असते. यात वेळ जातो, आणि फार मोठ्या वर्गात ते सर्वांसाठी जमेलच असे नाही.

याहून गंभीर मर्यादा सूचक प्रश्नांची आहे. आपल्याला एका बाजूला नेले जात आहे, हे उत्तरदात्याला सहसा जाणवत नाही. तो न अडखळता उत्तर देतो आणि टिपणात काहीच उमटत नाही. 1941 मध्ये डोनाल्ड रग या संशोधकाने दाखवले की, लोकशाहीविरोधी भाषणांवर ‘बंदी घालावी का?’ या प्रश्नाला होकार देणाऱ्यांपेक्षा त्यांना ‘परवानगी द्यावी का?’ या प्रश्नाला नकार देणारे बरेच अधिक असतात. हा फरक कोणत्याही एका मुलाखतीत ऐकू येणे शक्य नाही. त्यासाठी निम्म्या लोकांना एक शब्दरचना आणि उरलेल्यांना दुसरी द्यावी लागते. म्हणून सूचक शब्दांपुरती मी यादीच वापरतो, पण पहिल्या मुलाखतींनंतर.

ज्यांच्या हाती एकच तासिका आहे, त्यांनी यादी निवडली तर मी आक्षेप घेणार नाही. दोन तासिका असतील, तर पहिल्या तासिकेत प्रत्येक गटाला तीनच प्रश्न लिहू द्यावेत, दरम्यान वर्गाबाहेरच्या पाच उत्तरदात्यांकडे पाठवावे, आणि दुसरी तासिका टिपणे समोर ठेवून दुरुस्तीला द्यावी, असे मला वाटते. गुण अंतिम प्रश्नांना देण्याऐवजी मी प्रत्येक बदलाच्या नोंदीला देतो: जुना प्रश्न, उत्तरदात्याचे शब्द आणि त्यावरून केलेला नवा प्रश्न.