फ्लेक्सच्या दुकानात ऑनलाइन फेस स्वॅप: सात महिन्यांनंतर

परभणी जिल्ह्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या बॅनरवर गिऱ्हाइकाला फेटा, कोट, गॉगल सगळं लागतं, फोटो मात्र शेतातला, खांद्यावर टॉवेल टाकलेला येतो. म्हणून एका फेस स्वॅप वेबसाइटचे पैसे भरले. तयार पोझवर चेहरा बसवायचा, मिनिटभराचं काम. समोरून उजेड असला की झकास बसतो, मान तिरकी असली की गडबडतो. कामाबद्दल एवढंच.

खोट निघाली दुसरीकडेच, आणि निम्मी माझीच. "फोटो डॉक्युमेंटमधून टाका, क्वालिटी जात नाही," असं मीच सगळ्यांना सांगायचो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली लपलेली माहितीही निघून जाते. डॉक्युमेंट मात्र जसंच्या तसं येतं. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला तेही त्यात असतं. एका लेकराच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो गूगल फोटोजमध्ये उघडून वर सरकवला, तर खाली नकाशा. त्याचे वडील शेजारीच बसलेले. म्हणाले, "दादा, हे तर आमचं घरच दाखवायलंय की!" तीच फाइल मी दहा मिनिटांपूर्वी वेबसाइटवर चढवली होती.

मग तयार फोटोची लिंक कॉपी करून बायकोच्या मोबाइलवर उघडली. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, सरळ उघडली. हिस्टरीतून फोटो डिलीट केला. दुसऱ्या दिवशी लिंक तरी चालूच. हिस्टरीतून गेलं म्हणजे सर्व्हरवरून गेलं असं नसतं.

सगळ्यात राग आला तो मोठ्या फाइलींचा अट्टहास आठवून. या कामात बरंच वापरलं जाणारं `inswapper_128` हे मॉडेल चेहरा 128 बाय 128 पिक्सेलमध्येच तयार करतं. पुढची चकाकी वेगळं सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. म्हणजे अशा कामाला घर, अंगण, मागं उभी आजी यातलं काहीच लागत नव्हतं.

आता लहान लेकरांचे फोटो चढवतच नाही, फोटोशॉपात हातानं बसवतो. अर्धा तास जातो, पन्नास रुपये जास्त घेतो. मोठ्यांचा फोटो त्यांना विचारून, आणि तोही पूर्ण नाही: स्क्रीनवर चेहरा मोठा करून स्क्रीनशॉट काढतो. त्यात मूळ फोटोचं लोकेशन येत नाही. नुसतं क्रॉप करून भागत नाही, काही ॲप लोकेशन तसंच ठेवतात. चेहरा मात्र जातोच, त्याला इलाज नाही.

वर्षाचे पैसे भरलेत, पाच महिने उरलेत. खातं बंद करून डेटा काढा म्हणून दोनदा मेल केला, उत्तर नाही. त्या लेकराच्या बॅनरची लिंक काल परत उघडून पाहिली. उघडली.