‘सिबिल स्कोअर म्हणजे काय?’ : चार शीर्षकं, चार सुरुवातीची वाक्यं आणि त्यातून कोणती जोडी घ्यावी

लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरात कर्ज सल्लागाराचं, कर सल्लागाराचं किंवा पतसंस्थेचं मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्याला व्याख्येचं एक पान लिहावंच लागतं. विषय बहुतेक वेळा सिबिलचाच असतो, कारण ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जासाठी गेलेल्या माणसाला बँकेत पहिल्यांदा ऐकायला मिळतं ते ‘सिबिल बघावं लागेल’. तो बाहेर येतो आणि मोबाइलवर विचारतो, ‘सिबिल स्कोअर म्हणजे काय’. अशा वेळी गूगल कधी कधी निकालांच्या वर एक चौकट दाखवतं. त्यात एखाद्या पानावरचा छोटा परिच्छेद असतो आणि त्याखाली त्या पानाचं शीर्षक. हेच फीचर्ड स्निपेट. चौकट मिळावी म्हणून अर्ज करता येत नाही आणि पानात कुठला खास कोडही घालता येत नाही. बहुधा पहिल्या पानावर आधीच असलेल्या निकालांतून गूगल परिच्छेद उचलतं. म्हणजे आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात, शीर्षक आणि सुरुवातीचा परिच्छेद. या दोघांचं काम एकच आहे असं समजून लिहिलं की दोन्ही फसतात.

शीर्षकं

पहिला पर्याय अगदी उघडा: ‘सिबिल स्कोअर म्हणजे काय?’ शोधणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे, त्यामुळे पान कशाबद्दल आहे यात शंका राहत नाही. पण हेच शीर्षक निकालातल्या बऱ्याच पानांना असतं. शिवाय चौकटीत वर उत्तर आलेलं असताना खाली पुन्हा तोच प्रश्न दिसला, तर वाचणाऱ्याने त्यावर बोट का ठेवावं?

दुसरा: ‘सिबिल स्कोअर म्हणजे काय? ३०० ते ९०० चा अर्थ आणि मोफत अहवाल’. सुरुवात तीच, मात्र पुढे उत्तरानंतरची पायरी आहे. व्याख्या वाचून झालेल्या माणसाला पुढचा प्रश्न पडतो तो ‘माझा किती आहे आणि कुठे बघू’ हा. शीर्षकाचा दुसरा भाग त्याच प्रश्नाला धरून आहे.

तिसरा: ‘सिबिल स्कोअर मराठी माहिती २०२५ | संपूर्ण माहिती’. ‘माहिती’ दोनदा आली आणि प्रश्न गळून पडला. व्याख्या वर्षागणिक बदलत नाही, पण ते वर्ष उलटलं की हे शीर्षक शिळं दिसायला लागतं.

चौथा: ‘बँक कर्ज देत नाही? सिबिलबद्दल हे वाचाच!’ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला हे चालेल. व्याख्या शोधणाऱ्यासाठी मात्र यात व्याख्येची चाहूलसुद्धा नाही.

खरी निवड पहिल्या दोघांतच आहे, आणि ती दोघांना दोन जागा देऊन सुटते. दुसरा पर्याय `<title>` मध्ये आणि पहिला `<h1>` मध्ये. शोधनिकालात `<title>` दिसण्याची अपेक्षा असते, पण गूगल कधी कधी ते बाजूला ठेवून पानावरचं मुख्य मथळ्याचं वाक्य वापरतं. दोन्हींची सुरुवात त्याच चार शब्दांनी होत असेल तर गूगलने अदलाबदल केली तरी नुकसान होत नाही. `<title>` एक म्हणतंय आणि `<h1>` भलतंच, असं असेल तर निकालात काय दिसेल याचा भरवसा राहत नाही.

इथे देवनागरीचा एक फसवा हिशोब आहे. ‘सिबिल स्कोअर म्हणजे काय?’ हे डोळ्यांना रिकाम्या जागा आणि प्रश्नचिन्ह धरून १५ घरांचं दिसतं, पण संगणक वेलांट्या, मात्रा, काने आणि हलन्त वेगळे मोजतो आणि त्याचा आकडा २४ येतो. दुसऱ्या पर्यायाचं पूर्ण शीर्षक डोळ्यांना ४२ आणि संगणकाला ५८. म्हणून साठ अक्षरांची मर्यादा सांगणारं साधन मराठी शीर्षकावर लवकर लाल होतं आणि माणसं घाबरून ‘मोफत अहवाल’ कापून टाकतात. गूगल शीर्षक अक्षरं मोजून कापत नाही, पडद्यावरच्या रुंदीप्रमाणे कापतं. तेव्हा मोजणीपेक्षा मोबाइलवर बघून ठरवावं, आणि प्रश्न कायम पुढे ठेवावा, म्हणजे कापलं गेलंच तर शेपूट कापलं जाईल.

सुरुवातीची वाक्यं

खरा फरक इथे पडतो, आणि तो मराठीच्या वाक्यरचनेमुळे पडतो.

पहिली तऱ्हा पाठ्यपुस्तकी: ‘बँका व वित्तसंस्थांकडून घेतलेल्या कर्जाची परतफेड, कर्जाचा प्रकार व कालावधी इत्यादी बाबी विचारात घेऊन पतमाहिती कंपनीकडून दिल्या जाणाऱ्या तीन अंकी गुणांकास सिबिल स्कोअर असे म्हणतात.’ यात चुकीचं काही नाही. पण ज्या शब्दाचा अर्थ हवा तो शब्द अगदी शेवटी येतो. चौकटीतला मजकूर मध्येच तुटला तर ‘सिबिल स्कोअर’ हे शब्दच दिसत नाहीत. वाचणाऱ्यालाही वीसेक शब्द डोक्यात धरून ठेवावे लागतात.

दुसरी तऱ्हा प्रस्तावनेची: ‘आजच्या धावपळीच्या जगात कर्ज ही प्रत्येकाची गरज बनली आहे.’ व्याख्या मग दुसऱ्या परिच्छेदात, आणि तीही ‘हा एक असा आकडा असतो, जो…’ अशी सुरू होते. गूगल पानाच्या मधूनही परिच्छेद उचलू शकतं, त्यामुळे दुसरा परिच्छेद निवडला जाणं अशक्य नाही. पण ‘हा’ म्हणजे कोण, ते वरच्या परिच्छेदात राहून गेलेलं असतं. परिच्छेद एकटा उचलला की लंगडा पडतो. आपला परिच्छेद असा आहे का, हे ओळखायची साधी रीत आहे: तो कॉपी करून कुणाला तरी मेसेजमध्ये पाठवायचा. ‘हे कशाबद्दल आहे?’ असं उत्तर आलं तर तो चौकटीलाही चालणार नाही.

तिसरी तऱ्हा पूर्ण नावाची: ‘सिबिल म्हणजे क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो इंडिया लिमिटेड.’ हे कंपनीचं जुनं नाव झालं, आज ती ट्रान्सयुनियन सिबिल आहे. प्रश्न मात्र आकड्याचा होता. आपल्याकडे ‘माझं सिबिल खराब आहे’ असं म्हणणारा माणूस कंपनीबद्दल बोलत नसतो, त्यामुळे ‘सिबिल म्हणजे काय’ असं शोधणाऱ्यालाही बहुधा आकडाच हवा असतो. कंपनीचं नाव खाली वेगळ्या उपमथळ्याखाली जावं. तिथेच एक ओळ अशीही द्यावी की भारतात अशा चार कंपन्या आहेत, बाकीच्या तीन म्हणजे एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. नाहीतर वाचणारा प्रत्येक क्रेडिट स्कोअरला सिबिल समजतो.

चौथी तऱ्हा ‘म्हणजे’ची. मराठीची ही मोठी सोय आहे: प्रश्नातला ‘म्हणजे’ उत्तरात तसाच राहतो, फक्त ‘काय’च्या जागी उत्तर येतं. पण इथेही एक खड्डा आहे. मराठीत मुख्य नाम शेवटी येत असल्यामुळे ‘सिबिल स्कोअर म्हणजे तुम्ही आधी घेतलेली कर्जे, क्रेडिट कार्डाची बिले, त्यांचे हप्ते कधी भरले यावरून ठरणारी…’ असं वाक्य लांबत जातं आणि ‘संख्या’ हा शब्द येईपर्यंत दम लागतो. उपाय असा की पहिल्या वाक्यात फक्त ओळख द्यायची आणि कारण दुसऱ्या वाक्यात न्यायचं. जुळवलेली जोडी अशी दिसते:

```html
<title>सिबिल स्कोअर म्हणजे काय? ३०० ते ९०० चा अर्थ आणि मोफत अहवाल</title>
<h1>सिबिल स्कोअर म्हणजे काय?</h1>
<p>सिबिल स्कोअर म्हणजे कर्जफेडीची सवय दाखवणारी ३०० ते ९०० मधली
तीन आकडी संख्या. तुम्ही आधीची कर्जे आणि क्रेडिट कार्डाची बिले
वेळेवर भरली का, अशा नोंदींवरून ट्रान्सयुनियन सिबिल ही कंपनी
ती काढते. संख्या ९००च्या जितकी जवळ, तितकी नवे कर्ज मिळण्याची
शक्यता जास्त.</p>
```

पहिलं वाक्य १३ शब्दांचं, पूर्ण परिच्छेद ४१ शब्दांचा. चाळीस ते साठ शब्द हा सर्वसाधारण अंदाज आहे, गूगलने ठरवून दिलेला नियम नाही. आणि परिच्छेद `<h1>`च्या लगेच खाली हवा. मधे जाहिरात, लेखकाचा फोटो किंवा ‘अनुक्रमणिका’ आली की प्रश्न आणि उत्तर यांची जवळीक तुटते.

या परिच्छेदात काय नाही तेही बघा. ‘७५० असेल तर कर्ज मिळतेच’ हे वाक्य मोहात पाडतं, पण खोटं आहे. कर्ज मंजूर करताना बँक उत्पन्न, तारण आणि चालू हप्तेही बघते. पैशांच्या विषयात असं एक वाक्य चौकटीत मोठ्या अक्षरात गेलं तर वाचणारा ते हमी समजून बँकेत जातो. पीककर्जाला सिबिल लागतं की नाही, हा मराठवाड्यात हमखास येणारा प्रश्नही व्याख्येत नको. सरकारच्या सूचना आणि शाखेतला व्यवहार यांत अंतर असतं, शिवाय ती माहिती बदलती आहे. तिला तारीख घातलेला वेगळा भाग द्यावा.

व्याख्येत बसत नाही असा आणखी एक माणूस आहे: ज्याने कधी बँकेचं कर्जच घेतलेलं नाही. त्याच्या अहवालात ३०० ते ९०० मधला आकडा नसतो, ‘-1’ किंवा ‘NH’ असं दिसतं. त्याचा अर्थ इतिहास नाही, पत वाईट आहे असा नव्हे. सावकाराकडून किंवा नातेवाइकांकडून उसने घेऊन आयुष्य काढलेल्या कुटुंबांत हे सर्रास दिसतं. यासाठी ‘सिबिल स्कोअर -1 म्हणजे काय?’ असा स्वतंत्र उपमथळा आणि त्याखाली तशीच दोन-तीन वाक्यांची व्याख्या ठेवावी. त्या प्रश्नावर स्पर्धा कमी, आणि विचारणाऱ्याची गरज जास्त.

चौकट मिळाली आणि भेटी घटल्या तर

पूर्ण उत्तर चौकटीतच वाचायला मिळालं की काहीजण पानावर येतच नाहीत. त्यात जानेवारी २०२० पासून चौकटीत असलेलं पान त्याच निकालपानावर खाली पुन्हा दाखवलं जात नाही, म्हणजे दुसरी संधीही नाही. काहीजण यावर उपाय म्हणून व्याख्या अर्धवट ठेवतात. तसं करू नये, अर्धी व्याख्या गूगल उचलत नाही आणि उचललीच तर वाचणारा चिडतो. त्याऐवजी शीर्षकातल्या ‘मोफत अहवाल’ला काम करू द्यावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो कसा काढायचा याच्या पायऱ्या चौकटीत मावत नाहीत, त्यासाठी पानावर यावंच लागतं. मात्र त्या पायऱ्या पानावर खरोखर असायला हव्यात. चौकट नकोच असेल तर त्या परिच्छेदाभोवती `data-nosnippet` लावता येतं, पण मग साध्या निकालातही तो मजकूर दिसणार नाही.

फरक पडला का हे सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात बघावं. तिथे चौकटीचा वेगळा हिशोब मिळत नाही, म्हणून शोधशब्दांच्या गाळणीत ‘कस्टम रेजेक्स’ निवडून हे घालावं:

```
म्हणजे काय|mhanje kay|meaning in marathi
```

रोमन लिपीत टाइप करणारे आपल्याकडे बरेच असतात, त्यांना वगळलं तर चित्र अर्धं दिसतं. सरासरी स्थान एकच्या जवळ आलं, पण क्लिकचं प्रमाण खाली गेलं, तर चौकट मिळाली आहे आणि शीर्षक कमी पडतंय असा संशय घ्यावा आणि मोबाइलवर स्वतः शोधून खात्री करावी. स्थान पाच-सहावरच अडकलं असेल तर वाक्य घासत बसण्यात अर्थ नाही, आधी पान वर यायला हवं. शीर्षक आणि परिच्छेद एकाच दिवशी बदलू नयेत, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. आधी परिच्छेद बदलावा, गूगलने पान पुन्हा वाचल्याची तारीख यूआरएल तपासणीत बघावी, त्यानंतर तीन-चार आठवड्यांचे आकडे जमू द्यावेत आणि मगच शीर्षकाला हात लावावा.