युरीन इन्फेक्शनची गोळी आणि बीपीतली लघवीची गोळी: शुगर कोण पाडतं, कोण चढवतं

आईला लघवीला जळजळ होत होती, ताप नव्हता, तर जवळच्या दवाखान्यातून लिव्होफ्लॉक्सासिन ५०० पाच दिवसांसाठी मिळाली. वय ६८, क्रिएटिनिन १.५, रोजची ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन चालूच. तोंडाला चव नाही म्हणून ती दोन दिवस नुसती पेज घेत होती पण शुगरची गोळी मात्र नेमाने घेत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे हाक मारली तर काहीतरी असंबद्ध बोलायला लागली, गाऊन घामाने ओलाचिंब, मीटरवर ४८. शुद्धीत होती, गिळत होती म्हणून तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी ९०, आम्ही हुश्श केलं आणि दोन तासांनी परत ५५! मग ॲडमिट, दिवसभर ग्लुकोजचं सलाईन. ग्लिमेपिराइडचा असर लांबतो त्यामुळे एकदा वर आली म्हणून सुटलो असं नसतं, हे तेव्हा कळलं.

झालं काय, तर लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या घराण्यातल्या गोळ्या स्वादुपिंडाच्या पेशीतलं तेच पोटॅशियमचं दार बंद करू शकतात जे ग्लिमेपिराइड बंद करते, म्हणजे इन्सुलिन दोन्हीकडून ढकललं जातं. त्यात किडनी मंद असेल तर लिव्होफ्लॉक्सासिन अंगात जास्त वेळ राहते. याच घराण्यातली गॅटिफ्लॉक्सासिनची गोळी शुगरच्या गोंधळामुळेच भारतात २०११ साली बंद झाली, आणि उरलेल्यांवर अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये लो शुगरने कोमात जाण्याबद्दलचा इशारा अजून कडक केला. कधीकधी या गोळ्यांनी उलट शुगर वाढते पण जिवावर बेतते ती खाली जाणारी.

मग दुसरं काय घेता येतं? कोट्रायमोक्साझोल म्हणाल तर मला तीही नकोच वाटते, त्यातला सल्फा ग्लिमेपिराइडच्याच नात्यातला, शुगर पाडू शकतो, आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू असेल तर त्यातलं ट्रायमेथोप्रिम पोटॅशियमही वाढवतं. नायट्रोफ्युरँटॉइन शुगरच्या बाजूने निवांत आहे पण किडनी बरीच कमी झाली असेल तर ती लघवीत पुरेशी पोचतच नाही. आईसारख्या केसमध्ये फॉस्फोमायसिनचं ३ ग्रॅमचं एकच सॅशे बरं पडतं, रात्री लघवी करून आल्यावर पाण्यात ढवळून प्यायचं. पण या दोन्ही फक्त मूत्राशयातल्या इन्फेक्शनला. थंडी वाजून ताप, कंबरेत वरच्या बाजूला दुखणं असं असेल तर ते किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं, तिथे या चालत नाहीत आणि कल्चर बघून डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन दिली तर घ्यावीच लागेल. फक्त तेव्हा "ग्लिमेपिराइड अर्धी करू का, जेवण जात नाहीये" हे त्याच दिवशी विचारा, आणि निदान पहिले तीन-चार दिवस झोपताना आणि पहाटे मीटर लावा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर धोका खूपच कमी, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिनवाल्यांनी जपायचं.

बीपीसाठी देतात त्या लघवी वाढवणाऱ्या गोळीचं अगदी उलटं, ती शुगर हळूहळू चढवते, महिनोनमहिने, त्यामुळे कोणाला संशयच येत नाही. बीपीच्या स्ट्रिपवर नावापुढे एच असेल तर बहुतेक वेळा आत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. या गोळीने लघवीतून पोटॅशियम जातं, आणि पोटॅशियम उतरलं की इन्सुलिन कमी सुटतं, हे शुगर चढण्याचं एक मोठं कारण. १२.५ ला फरक थोडाच पडतो, २५ किंवा वर गेलात की जास्त. क्लोरथॅलिडोन बीपीला जोरदार पण पोटॅशियमही जास्त खेचते. इंडापामाइड शुगरला त्यामानाने सौम्य. फ्युरोसेमाइडचा शुगरवर परिणाम कमी, पण ती सूज उतरवायची गोळी, नुसत्या बीपीसाठी तिच्यावर जाण्यात अर्थ नाही.

इथे मात्र मी गोळी बदलायची घाई करणार नाही. २००२ च्या ऑलहॅट या मोठ्या अभ्यासात क्लोरथॅलिडोनवाल्यांत नव्याने डायबेटिस झालेले ११.६ टक्के निघाले आणि ॲम्लोडिपिनवाल्यांत ९.८, तरीही हार्ट फेल्युअर क्लोरथॅलिडोनवाल्यांतच कमी होता. म्हणून आधी पोटॅशियम तपासा, ३.५ च्या खाली असेल तर ते सुधारून शुगर बघा आणि मग डोस कमी करायचा का हे डॉक्टरांशी ठरवा.

स्टेरॉइडचं तर सगळ्यांना माहीत असतं, पण सकाळी प्रेडनिसोलोन घेतली की शुगर दुपारनंतर चढते आणि उपाशीपोटीची छान येते, म्हणून संध्याकाळी जेवणाआधी तपासा. गुडघ्यात इंजेक्शन घेतलं तरी काही दिवस तेच. ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांत लो शुगरची धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. आईला ॲटेनोलॉल आहे. त्या पहाटे असंबद्ध बोलणं आणि ओला गाऊन सोडला तर दुसरी काही खूणच नव्हती.